वॉर्फरिन घेणारा रुग्ण मेडिकलमध्ये येतो तेव्हा: फार्मासिस्टने आयएनआरवर लक्ष कसं ठेवावं

तालुक्याच्या गावातल्या मेडिकलमध्ये महिन्याकाठी काही माणसं तरी ‘रक्त पातळ करायची गोळी’ मागायला येतात. कुणाच्या हृदयाची झडप बदललेली असते, कुणाच्या पायाच्या शिरेत गाठ झालेली असते, कुणाचे ठोके अनियमित पडत असतात. यांतल्या बऱ्याच जणांचे हृदयरोगतज्ज्ञ पुण्याला, मुंबईला किंवा नागपूरला असतात आणि त्यांची भेट तीन-सहा महिन्यांतून एकदा होते. ताप आला, दात दुखला, जुलाब झाले तर गावातल्याच डॉक्टरकडे जाणं होतं. पण सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येऊन पोचतात त्या एकाच काउंटरवर. त्यामुळे वॉर्फरिनवर लक्ष ठेवण्याच्या कामात फार्मासिस्टची जागा दुसरं कुणी घेऊ शकत नाही. ते काम रोजच्या गर्दीत कसं बसवायचं, ते इथे पायरीपायरीने सांगतो.

आता नवी, चाचणी न लागणारी औषधं आली आहेत, मग वॉर्फरिन कशाला, असं रुग्णांचे नातेवाईक विचारतात. प्रश्न रास्त आहे. ठोके अनियमित असलेल्या किंवा पायात गाठ झालेल्या अनेक रुग्णांना ती नवी औषधं चालतात. पण धातूची कृत्रिम झडप असेल तर ती चालत नाहीत. डॅबिगॅट्रान हे औषध अशा रुग्णांना देऊन पाहिलं गेलं, तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही जास्त झाला. तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आकसलेल्या आणि त्यामुळे ठोके अनियमित झालेल्या रुग्णांतही २०२२ साली रिव्हॅरोक्सॅबानपेक्षा वॉर्फरिनच्या गटातली औषधंच सरस ठरली. आपल्याकडे हा आजार अजून भरपूर आहे आणि त्यातले बरेच रुग्ण तरुण आहेत. म्हणून ही गोळी आपल्या काउंटरवरून इतक्यात जाणार नाही.

पायरी १: गोळी नेमकी कोणती ते पाहा

‘रक्त पातळ करायची गोळी’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात ॲस्पिरिन असू शकते, क्लोपिडोग्रेल असू शकते, वॉर्फरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉलही असू शकते. पहिल्या दोन्हींना आयएनआर लागत नाही, शेवटच्या दोन्हींना लागतोच. पट्टी किंवा चिठ्ठी पाहिल्याशिवाय नुसत्या बोलण्यावरून गोळी देऊ नये.

वॉर्फरिन आणि ॲसेनोकुमॅरॉल ही भावंडं असली तरी एकाच्या जागी दुसरं देता येत नाही. ॲसेनोकुमॅरॉल शरीरातून लवकर जातं, वॉर्फरिन बरंच रेंगाळतं, आणि एकाचे मिलिग्रॅम म्हणजे दुसऱ्याचे मिलिग्रॅम नव्हेत. ‘तीच आहे हो, कंपनी वेगळी’ असं म्हणून कुणी एकाच्या बदल्यात दुसरं दिलं, तर आठवड्याभरात आयएनआर कुठल्या कुठे जाऊ शकतो.

त्यानंतर ताकद पाहायची. आपल्याकडे वॉर्फरिन १, २, ३ आणि ५ मिलिग्रॅममध्ये मिळतं. चिठ्ठीवर २.५ लिहिलं असेल तर पाचाची अर्धी गोळी अपेक्षित असते, आणि घाईच्या अक्षरात दशांशचिन्ह पुसट असेल तर तेच २५ वाचलं जाऊ शकतं किंवा नुसतं ५. शंका आली की फोन करा. तीनाची गोळी संपली म्हणून एकाच्या तीन गोळ्या देणं हिशेबाने बरोबर दिसतं, पण घरी गेल्यावर त्या मावशी सवयीने एकच गोळी घेतात. ताकद बदलावीच लागली तर डॉक्टरांना कळवून बदला, पाकिटावर ‘रोज रात्री ३ गोळ्या, एकूण ३ मिलिग्रॅम’ असं ठळक लिहा आणि त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.

कापलेली पट्टी हा आपल्या दुकानांतला खास धोका. दहाच्या पट्टीतून सहा गोळ्या कापल्या की नाव एका तुकड्यावर जातं, ताकद आणि मुदत दुसऱ्यावर. या औषधाची पट्टी शक्यतो कापू नये. कापलीच तर पाकिटावर नाव, ताकद, मुदत आणि बॅच नंबर लिहायलाच हवा. आणि कंपनी शक्यतो एकच ठेवा. ज्यांचा आयएनआर महिनोन्‌महिने स्थिर आहे त्यांची कंपनी साठा नाही म्हणून बदलू नये. डॉक्टरांच्या संमतीने बदलावी लागली, तर वहीत तारीख टाका आणि आठवड्याभराने चाचणी करायला सांगा.

पायरी २: वहीत एक पान उघडा

त्यासाठी संगणक नसला तरी चालतं. दोनशे पानी वहीत प्रत्येक रुग्णाला एक पान द्या. पानाच्या वर नाव, फोन, गोळी का चालू आहे, डॉक्टर कोण आणि त्यांचा किंवा त्यांच्या दवाखान्याचा नंबर. त्याखाली सगळ्यात महत्त्वाची ओळ: या रुग्णाचा आयएनआर किती ते किती असायला हवा. ठोके अनियमित असतील किंवा पायात गाठ झाली असेल, तर साधारण २ ते ३. मायट्रलच्या जागी धातूची झडप असेल तर बहुतेक २.५ ते ३.५. पण अंदाजाने भरू नका. डॉक्टरांच्या कागदावर असतं ते लिहा, नसेल तर विचारून लिहा. लॅबच्या छापील रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी माणसाची असते. ती पाहून घाबरलेले आणि आपल्याच मनाने गोळी बंद केलेले रुग्ण पुष्कळ आहेत.

खाली तीन रकाने पुरतात: तारीख, आयएनआर, आठवड्याचा एकूण डोस. डोस आठवड्याचा मोजायचा, कारण डॉक्टर बदल करतात तो बहुधा आठवड्याच्या बेरजेच्या पाच ते वीस टक्के असतो, आणि तो दिवसावर बसवताना घोळ होतो. ‘एक दिवस ४, एक दिवस ३’ असं सांगितलं की चौथ्या दिवशी काल किती घेतली ते आठवत नाही. वारांच्या नावाने बांधलं की चूक टळते: सोमवार, बुधवार, शुक्रवार ४ मिलिग्रॅम, बाकी चार दिवस ३ मिलिग्रॅम, आठवड्याचे झाले २४. असं लिहिलेला कागद घरातल्या कॅलेंडरला टाचणीने लावायला सांगा. वारांची मांडणी सोयीची वाटली तरी ती डॉक्टरांना सांगून, त्यांच्या होकारानेच बसवायची.

पायरी ३: गोळी देण्याआधी तीन प्रश्न

दर वेळी तेच तीन प्रश्न, त्याच क्रमाने. ‘काका, मागचा आयएनआर कधी केला आणि किती आला?’ ‘या महिन्यात एखादी गोळी चुकली का, की जास्त घेतली गेली?’ ‘दुसरं काही औषध, इंजेक्शन, काढा, पावडर सुरू झालं का?’ यात मिनिटभर जातं. गर्दी असेल तर काकांना बाकावर बसवा, पण प्रश्न गाळू नका.

पहिल्या प्रश्नाला ‘तीन-चार महिने झाले’ असं उत्तर आलं तर काय करायचं? माझं ठाम मत आहे की गोळी नाकारू नये. झडपेच्या रुग्णाने चार दिवस गोळी सोडणं हे चाचणी उशिरा करण्यापेक्षा कैकपटीने घातक ठरू शकतं. महिन्याऐवजी आठ-दहा दिवसांच्या गोळ्या द्या, चाचणीचा दिवस तिथल्या तिथे ठरवा आणि वहीत लिहा. गावात लॅब नसते, गाडीभाडं आणि रोजगार दोन्ही जातात, म्हणून चाचणी टळते. आठवडी बाजाराच्या दिवशी ती माणसं तालुक्याला येतातच. चाचणी त्या दिवसाला जोडली की ती होते. सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस बदलल्यावर चाचणी दर आठवड्याला लागते. आयएनआर स्थिर झाल्यावर महिना-दीड महिन्यातून एकदा सहसा पुरते.

गोळी रात्री घ्यायला सांगण्यामागे एक सोपं कारण आहे. रक्त सकाळी दिलं की रिपोर्ट दुपारी येतो आणि डोस बदलायचा असला तर त्याच रात्रीपासून बदलता येतो. रात्रीची गोळी झोपण्यापूर्वी आठवली तर घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवली तर ती सोडून द्यायची आणि रात्री नेहमीचीच घ्यायची, दोन नाही. चुकली ती तारीख मात्र लिहून ठेवायची, नाहीतर कमी आलेल्या आयएनआरवर डॉक्टर विनाकारण डोस वाढवतात.

पायरी ४: रिपोर्ट वाचताना

वॉर्फरिन रक्तातले गोठणारे घटक नष्ट करत नाही. यकृतात ते घटक तयार व्हायला व्हिटॅमिन के लागतं, आणि वॉर्फरिन त्या व्हिटॅमिनचा पुनर्वापर अडवतं. आधीच तयार असलेले घटक आपापल्या गतीने संपावे लागतात. सातव्या क्रमांकाचा घटक काही तासांत कमी होतो, दुसऱ्या क्रमांकाचा कमी व्हायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून आज बदललेल्या डोसची चाहूल दोन-तीन दिवसांनी लागते आणि पूर्ण परिणाम दिसायला आठवडा तरी जातो. आज डोस वाढवून उद्या चाचणी करणाऱ्या रुग्णाला हे समजावून सांगा, त्याचे पैसे वाचतील आणि घाईचे बदलही टळतील.

रिपोर्ट अनपेक्षित आला तर आधी नमुन्याची चौकशी करा. ही चाचणी निळ्या टोपणाच्या नळीत होते. त्यात सायट्रेट असतं आणि नळी खुणेपर्यंत भरावी लागते. रक्त कमी भरलं तर सायट्रेटचं प्रमाण वाढतं आणि आयएनआर खोटाच जास्त येतो. लॅब बदलली का, हेही विचारा. आयएनआर ही पद्धत लॅबालॅबांतला फरक मिटवण्यासाठीच आली, तरी थोडा फरक उरतो, म्हणून एकाच लॅबमध्ये चाचणी करायला सांगणं शहाणपणाचं.

बराच काळ स्थिर असलेल्या रुग्णाचा आयएनआर एकदाच अर्ध्या अंकाच्या आत इकडेतिकडे गेला, तर बरेचदा डोस न बदलता आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा पाहिलं जातं. हा निर्णय डॉक्टरांचा. आपण फोन करताना नुसतं ‘आयएनआर ३.४ आलाय’ असं न सांगता मागचे तीन आकडे, चुकलेल्या गोळ्या आणि नवी औषधं एका दमात सांगितली, तर त्यांना तो निर्णय नीट घेता येतो. आकडा ४.५ च्या वर असेल तर त्याच दिवशी फोन. आणि कितीही आकडा असला तरी रक्तस्राव होत असेल तर फोनवर वेळ न घालवता रुग्णालय.

पायरी ५: नवी चिठ्ठी आली की थांबा

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच टळतं. औषधांची यादी लांबलचक आहे, पण आपल्या काउंटरवर रोज दिसणारी मोजकीच आहेत. मेट्रोनिडॅझोल, फ्लुकोनॅझोल, कोट्रायमॉक्सॅझोल आणि अमिओडॅरोन यांनी आयएनआर चढतो, कारण वॉर्फरिन फोडणाऱ्या यकृतातल्या विकराचं काम ही औषधं रोखतात. जुलाबावर सर्रास दिली जाणारी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळीही त्यात धरा. गजकर्णासाठी लोक फ्लुकोनॅझोल स्वतःहून मागतात, तिथे विशेष सावध राहा. तोंडात लावायच्या मायकोनॅझोल जेलनेही आयएनआर वाढतो, आणि ते तर औषध आहे असंच कुणाला वाटत नाही.

डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांचा धोका वेगळा. आयएनआर फारसा न बदलताही ती पोटात रक्तस्राव घडवू शकतात, त्यामुळे ‘रिपोर्ट चांगला आहे’ हे इथे उत्तर होत नाही. गुडघेदुखीसाठी या गोळ्या चिठ्ठीशिवाय मागितल्या जातात. वॉर्फरिनच्या माणसाला त्या देऊ नयेत. पॅरासिटॅमॉल बरं, पण तेही दिवसाला दोन ग्रॅमच्या वर बरेच दिवस चाललं तर आयएनआर वाढवतं. कंबरेत इंजेक्शन घ्यायची सवय असलेल्यांना सांगून ठेवा की स्नायूत सुई टोचली तर आत मोठी गाठ साकळू शकते, दवाखान्यात आधी वॉर्फरिनचं नाव सांगायचं.

उलट बाजूला रिफाम्पिसिन. टीबीच्या उपचारातलं हे औषध वॉर्फरिन फोडणारी विकरं वाढवतं, आयएनआर खाली येतो आणि डोस खूप वाढवावा लागतो. खरा धोका उपचार संपताना आहे. रिफाम्पिसिन थांबल्यावर काही आठवड्यांत विकरं पूर्ववत होतात, आणि वाढवलेला वॉर्फरिनचा डोस तसाच राहिला तर आयएनआर झपाट्याने चढतो. टीबीची औषधं संपण्याची तारीख वहीत आधीच लिहून ठेवा. कार्बामॅझेपिन आणि फेनिटॉइन यांच्या बाबतीतही सुरू होताना आणि थांबताना लक्ष हवं.

एक नमुना घेऊन हे सगळं चालवून पाहू. शेहेचाळीस वर्षांच्या ताई, मायट्रलच्या जागी धातूची झडप, अपेक्षित आयएनआर २.५ ते ३.५. वॉर्फरिन रोज ४ मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला २८. वहीतले मागचे तीन आकडे २.९, ३.१, २.७. मंगळवारी सकाळी त्यांचा मुलगा दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतो: ॲमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडॅझोल ४०० दिवसातून तीनदा पाच दिवस, आणि ॲसेक्लोफेनॅक-पॅरासिटॅमॉलची गोळी. चिठ्ठीवर वॉर्फरिनचा उल्लेख नाही. मुलाने सांगितलं नव्हतं, कारण ‘ते हृदयाचं आहे, दाताचा काय संबंध?’

पहिला फोन दाताच्या डॉक्टरांना. ‘सर, या पेशंटला मायट्रलची धातूची झडप आहे, वॉर्फरिन रोज ४ चालू आहे, मागचा आयएनआर २.७. मेट्रोनिडॅझोलने आयएनआर चढेल आणि ॲसेक्लोफेनॅकने रक्तस्रावाचा धोका आहे. काय करू या?’ दुखण्याची गोळी लगेच बदलते: साधं पॅरासिटॅमॉल ५००, दिवसातून तीन वेळा, दोन-तीन दिवस. मेट्रोनिडॅझोलबद्दल ते म्हणतात की पू झालाय, ते लागेलच. म्हणून दुसरा फोन हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात. तिथून निरोप येतो: कोर्स चालू असताना वॉर्फरिन रोज ३, आणि शुक्रवारी आयएनआर. म्हणजे आठवड्याला २१, पाव हिस्सा कमी.

मुलाला गोळ्या देताना पाकिटावर लिहून दिलं: ‘आज मंगळवार रात्रीपासून ३ मिलिग्रॅम. शुक्रवारी सकाळी रक्त. रिपोर्ट आला की दुकानात फोन.’ आणखी एक गोष्ट विचारली: आईचं जेवण कसं आहे? दात दुखतोय म्हणून दोन दिवस पेजेवर आहेत. जेवण घटलं की व्हिटॅमिन केही घटतं, त्यानेही आयएनआर चढतो. हेही दवाखान्याला कळवलं. शुक्रवारचा आयएनआर ३.४. मर्यादेत, पण वरच्या टोकाला, आणि तोही डोस कमी केलेला असताना. ४ मिलिग्रॅम तसंच चालू राहिलं असतं तर आकडा मर्यादेबाहेर गेला असता हे उघड आहे. कोर्स शनिवारी रात्री संपला. डॉक्टरांनी सोमवारपासून पुन्हा ४ सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चाचणी. ती आली २.६. इथे पुष्कळ ठिकाणी शेवटची पायरी राहून जाते. कोर्स संपतो, पण कमी केलेला डोस कुणी पूर्ववत करत नाही, आणि पंधरा दिवसांनी आयएनआर १.६ वर आलेला सापडतो. म्हणून कोर्स सुरू होण्याची तारीख जितकी ठळक लिहाल तितकीच संपण्याचीही लिहा.

याच ताईंचा दात काढायचा ठरला असता, तर ‘पाच दिवस गोळी बंद’ असा सल्ला कुणीतरी दिला असता. एखादा दात काढताना आयएनआर मर्यादेत असेल तर वॉर्फरिन सहसा थांबवत नाहीत, जागच्या जागी रक्त थांबवण्याचे उपाय करतात. गोळी बंद करण्याचा सल्ला आला की हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय तो पाळू नका, एवढं रुग्णाला बजावून ठेवा.

पायरी ६: भाजी बंद करू नका, सारखी ठेवा

‘पालेभाजी बंद’ हा सल्ला अजून ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. मेथी, पालक, शेवग्याचा पाला, अळू, चवळी, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं. पण अडचण व्हिटॅमिनची नाही, चढउताराची आहे. आठवड्यातून तीनदा पालेभाजी खाणाऱ्याचा डोस त्या आहारावर बसलेला असतो. त्याने ती एकदम सोडली तर आयएनआर चढेल, आणि थंडीत मेथी स्वस्त झाली म्हणून रोज दोन वेळा सुरू केली तर उतरेल. मी विचारतो ते एवढंच: ‘नेहमीपेक्षा जेवणात काही बदललंय का?’ श्रावणातले उपवास, नवरात्राचे नऊ दिवस, घरातलं लग्न, आजारपण, यातलं काही असेल तर चाचणी आठवडाभर अलीकडे घ्यायला सांगा. लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या अर्काच्या गोळ्या, अनोळखी काढे नव्याने सुरू करू नयेत. फोडणीतली हळद आणि लसूण यांची भीती बाळगायचं कारण नाही.

दारूबद्दल स्पष्ट विचारा. लाजेपोटी लोक सांगत नाहीत, आणि एका रात्रीत जास्त प्यायल्यावर आयएनआर बिघडतो.

पायरी ७: कधी दुकानात थांबवायचं नाही

हिरड्यांतून ब्रश करताना थोडं रक्त, दाढी करताना कापलं तर जरा उशिरा थांबणारं रक्त, एखादा निळा डाग, एवढ्यावर त्याच दिवशी आयएनआर आणि डॉक्टरांना फोन. पण डांबरासारखी काळी शी, लाल लघवी, न थांबणारं नाकातलं रक्त, खूप जास्त पाळी, अचानक असह्य डोकेदुखी, आणि डोक्याला लागलेला मार, मग बाहेर जखम नसली तरी, यांत थेट रुग्णालय. काळी शी म्हणाले की लोहाची गोळी चालू आहे का ते विचारा, तिनेही रंग काळा होतो. पण शंका उरली तर पाठवाच.

दुसऱ्या टोकाचा धोका, म्हणजे गुठळी, लोकांना कमी माहीत असतो. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, पाय सुजून दुखणं, एकाएकी धाप लागणं. धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज रुग्णाला आणि घरच्यांनाही शांततेत ऐकू येतो. तो आवाज दबला किंवा बंद झाला आणि धाप लागली, तर झडपेवर गुठळी बसल्याची शक्यता आहे. ही गोष्ट झडपेच्या प्रत्येक रुग्णाच्या घरी माहीत हवी.

पावसाळ्यातल्या तापाला घरगुती समजू नका. तापात गोठणारे घटक लवकर संपतात, जेवण कमी होतं, आणि डेंग्यू असेल तर प्लेटलेटही उतरतात. वॉर्फरिनच्या रुग्णाला ताप आला तर तापाची गोळी देऊन परत पाठवू नका, डॉक्टरांकडे पाठवा.

आणि तरुण बायकांना एक गोष्ट एकांतात सांगायची. पाळी चुकली तर गोळी आपणहून बंद करायची नाही आणि डॉक्टरांना कळवायला एक दिवसही लावायचा नाही. गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉर्फरिनने बाळात व्यंग येऊ शकतं, आणि गोळी अचानक थांबवली तर आईच्या झडपेवर गुठळी होऊ शकते. मूल हवं असेल तर आधीच बोलणं सगळ्यात चांगलं. काउंटरवर चार माणसांसमोर हे बोलता येत नाही, म्हणून दुकानात महिला फार्मासिस्ट असेल तर त्यांनी बाजूला घेऊन बोलावं.

आपली हद्द

न्यूझीलंडमध्ये काही फार्मसींत बोटातून थेंबभर रक्त घेऊन तिथेच आयएनआर पाहतात, आणि ठरवून दिलेल्या चौकटीत फार्मासिस्टच डोस सांगतात. ब्रिटनमध्ये फार्मासिस्ट चालवत असलेले रक्त पातळ करण्याच्या औषधांचे दवाखाने आहेत. आपल्याकडच्या दुकानातल्या फार्मासिस्टला तो अधिकार नाही. वॉर्फरिन चिठ्ठीवरचंच औषध आहे, आणि औषध नियमावलीतला ६५वा नियम अशा औषधाच्या जागी दुसरं देण्याची मुभा देत नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये मात्र रुग्णाला समुपदेशन करणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. म्हणून आकडा पाहून ‘आज अर्धीच घ्या’ असं सांगायचं नाही. आकडा, कारण आणि शंका डॉक्टरांपर्यंत पोचवायची, उत्तर आणायचं, ते लिहून रुग्णाला द्यायचं आणि त्याने ते पाळलं का ते पाहायचं. डॉक्टर फोन उचलत नसतील तर दवाखान्यातल्या सिस्टरांकडे निरोप, किंवा व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो आणि दोन ओळी. हा मार्ग प्रत्येक डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवून ठेवला तर अडचणीच्या दिवशी धावपळ होत नाही.

हीच वही आणखी कुणासाठी

थोड्या फरकाने विष ठरतील अशी औषधं आणखीही आहेत आणि त्यांची पानं याच वहीत उघडता येतात, फक्त प्रश्न बदलतात. लिथियम असेल तर रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, आणि जुलाब, उलट्या, उन्हाळ्यातलं पाणी कमी होणं, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या यांबद्दल विचारायचं, कारण त्यांनी लिथियम साठतं. हात जास्त थरथरत असतील, चालताना तोल जात असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. डिगॉक्सिनमध्ये गोळीनंतर किमान सहा तास गेल्याशिवाय रक्त घेतलं तर आकडा फसवतो. मळमळ, भूक न लागणं आणि पिवळसर दिसणं ही त्याची खूण. फेनिटॉइनचा डोस थोडासा वाढवला तरी रक्तातली पातळी एकदम उडी घेऊ शकते, कारण ते फोडण्याची यकृताची क्षमता एका मर्यादेनंतर भरून जाते. डोस वाढवल्यावर झोकांड्या जायला लागल्या तर पुढचा महिना वाट पाहू नये. थायरॉइडच्या गोळीत लोह आणि कॅल्शियम चार तास लांब ठेवलं का ते विचारायचं, आणि डोस बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी चाचणीची आठवण करायची.

कुठल्याही औषधाने गंभीर त्रास झाला, किंवा दोन औषधं एकत्र आल्याने रक्तस्राव झाला, तर त्याची नोंद भारताच्या औषध सुरक्षा कार्यक्रमाकडे करता येते. गाझियाबादहून चालणाऱ्या या कार्यक्रमाचा निःशुल्क फोन १८००-१८०-३०२४ आहे. तक्रार डॉक्टरांनीच करावी असं बंधन नाही, फार्मासिस्ट आणि रुग्णही करू शकतात. फोन करताना औषधाचं नाव, ताकद, बॅच नंबर, सुरू केल्याची तारीख आणि त्रास कधी झाला एवढं हाताशी ठेवा.